चौथी 'ब'च्या ग्रुपवरचे फोटो: तुमच्या उत्तराला माझे उत्तर

ताई,


चौथी 'ब'च्या पालक ग्रुपवरून माझ्या मुलीचे दोन फोटो काढावेत, अशी विनंती मी तुम्हाला केली होती. ती मी तुम्हाला एकटीला पाठवली होती. तुमचे उत्तर मात्र ग्रुपवर आले आणि त्याखाली बऱ्याच पालकांचे अंगठेही उमटले. ग्रुप बंद आहे आणि त्यात सगळे आपलेच आहेत. आता फोटो काढून उपयोग नाही. प्रवेशाच्या वेळी सगळ्यांनी संमती दिलेलीच आहे. अ‍ॅडमिनवर जबाबदारी येत नाही. आणि एका मुलीसाठी चाळीस मुलांच्या आठवणी पुसता येणार नाहीत, असे तुम्ही लिहिलेत. हीच उत्तरे गावोगावच्या वर्गांच्या ग्रुपवर आई-वडिलांना मिळत असतात, आणि ती ऐकून बहुतेक जण गप्प बसतात. मला गप्प बसायचे नाही. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

आधी ते दोन फोटो काय आहेत ते सांगते, कारण "गॅदरिंगचे फोटो" म्हटले की ते साधे वाटतात. पहिला सकाळच्या हजेरीचा. माझी मुलगी रांगेत पुढे उभी आहे आणि गळ्यातले ओळखपत्र कॅमेऱ्याकडे वळलेले आहे. फोटो मोठा करून पाहा: शाळेचे नाव, तिचे पूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडी, रक्तगट, बसचा मार्ग आणि माझा मोबाइल नंबर, सगळे वाचता येते. नऊ वर्षांची मुलगी दिसते कशी, शिकते कुठे, घरी जाते कोणत्या बसने आणि तिच्या आईला फोन कुठे करायचा, हे त्या एका फोटोत आहे. "तुझ्या आईने मला पाठवले आहे" असे म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला तिचा विश्वास बसावा म्हणून आणखी काय लागते?

दुसरा फोटो ग्रीनरूममधला. कोळीनृत्यासाठी मुलींना नऊवारी नेसवत होते. ती परकरावर उभी आहे, पोलके अजून घालायचे आहे, एक ताई निऱ्या घालते आहे आणि ती हाताने अंग झाकायचा प्रयत्न करते आहे. ज्यांनी तो काढला त्यांना "किती गोड" वाटले असणार, त्यांच्या मनात काही वाईट नव्हते हे मला मान्य आहे. पण मुलीचे हात काय सांगत होते ते त्या फोटोतच दिसते आहे. मोठ्या बाईचा कपडे बदलतानाचा फोटो कोणी ग्रुपवर टाकला असता, तर "किती गोड" असे कोणी म्हटले नसते.

आता तुमचा पहिला मुद्दा: ग्रुप बंद आहे, सगळे आपलेच आहेत. वर्गात बेचाळीस मुले आहेत आणि ग्रुपमध्ये नव्वदच्या आसपास नंबर. आई, वडील, कुठे आजोबा, कुठे मावशी. दोन वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेल्या मुलांचे पालकही अजून आत आहेत. ग्रुपची लिंक मागे सोसायटीच्या ग्रुपवर फिरली होती आणि ती अजून बदललेली नाही. शिवाय नंबर एका माणसाचा असला तरी फोन घरभर फिरतो. अनेक अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो आपोआप उतरतो आणि गॅलरीत दिसू लागतो. गॅलरीचा बॅकअप चालू असेल तर तिथून तो क्लाउडवर जातो. घरातले कोणीही नुसती गॅलरी उघडली तरी पाहू शकते.

आमच्या बाबतीत नेमके हेच झाले. ग्रीनरूमचा फोटो पडल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात मुलगी बसमधून उतरली ती रडवेली होऊन. सातवीतल्या एका दादाने तिला तो फोटो दाखवला आणि शेजारच्या मुलांनाही दाखवला. त्याच्याकडे तो कसा आला? त्याची धाकटी बहीण आपल्याच वर्गात आहे, आईचा फोन संध्याकाळी गेम खेळायला त्याच्या हातात असतो, आणि फोटो त्या फोनच्या गॅलरीत होता. त्याने तो स्वतःच्या मित्रांच्या ग्रुपवर पाठवला. यात कोणी गुन्हेगार नाही, कोणी हॅकर नाही. सगळे आपलेच आहेत, आणि तरीही माझ्या मुलीला बसमध्ये बसणे नकोसे झाले. व्हॉट्सअ‍ॅपचे कुलूप निरोप वाटेत वाचला जाऊ नये यासाठी असते. निरोप ज्यांच्या हातात पोचला, त्यांनी त्याचे पुढे काय करावे यावर त्या कुलपाचा काही अंमल नाही.

दुसरा मुद्दा: आता काढून काय उपयोग? ताई, इथे मला तुमच्याशी स्पष्ट बोलायचे आहे. फोटो शनिवारी दुपारी पडले. मी त्याच रात्री तुम्हाला लिहिले. तुम्ही "बघते" असे उत्तर दिलेत. मंगळवारी संध्याकाळी तुमचा निरोप आला की पुसायचा पर्यायच दिसत नाही. तो दिसणार नव्हताच. फोटो टाकणाऱ्याला तो सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो, पण त्यासाठी साधारण दोन-अडीच दिवसांची मुदत असते. अ‍ॅडमिनलाही दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, तोही अशाच मुदतीत. शनिवार दुपारपासून मोजले तर सोमवारची रात्र उलटेपर्यंत ती मुदत संपते. त्यानंतर 'Delete for everyone' दिसत नाही, फक्त स्वतःच्या फोनवरून काढता येते. म्हणजे शनिवारी रात्री फोटोवर बोट दाबून धरून जे काम झाले असते, ते मंगळवारी नव्वद जणांना विनंती करण्याचे काम झाले. उशीर निरुपद्रवी नसतो. अशा विनंतीत उशीर म्हणजेच नकार ठरतो, आणि ही मुदत प्रत्येक अ‍ॅडमिनला माहीत असायला हवी.

तरीही आज उपयोग आहे का? आहे, पण त्याच्या मर्यादा मला कळतात. मूळ मेसेज पुसला तरी पुढे पाठवलेली प्रत पुसली जात नाही, कारण ती स्वतंत्र मेसेज असते. आयफोनवर गॅलरीत उतरलेला फोटो मेसेज पुसल्यावरही तिथे राहू शकतो, हे व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच सांगते. स्क्रीनशॉटला तर काहीच उपाय नाही. सगळ्या प्रती नाहीशा होतील असे मी मागतच नाही. पण नव्वद फोनांपैकी सत्तर फोनांतून फोटो गेला, तर पुढच्या वर्षी कोणी मुलांच्या आठवणींचा व्हिडिओ करताना, वाढदिवसाला कोलाज करताना, किंवा कोणाच्या तरी दादाने गॅलरी चाळताना तो पुन्हा वर येण्याची शक्यता तितकी कमी होते. सगळे पुसता येत नाही म्हणून काहीच पुसायचे नाही, हा युक्तिवाद आपण घरातल्या दुसऱ्या कोणत्याही गोष्टीला लावत नाही. एका चोराकडे किल्लीची नक्कल गेली, म्हणून आपण दार सताड उघडे ठेवत नाही.

तिसरा मुद्दा संमतीचा. प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती: शाळेच्या उपक्रमांची छायाचित्रे प्रसिद्धीसाठी वापरण्यास हरकत नाही. त्याखाली मीही सही केली आहे. पण ती सही मी शाळेला दिली, शाळेच्या उपक्रमांसाठी दिली. एका पालकाने स्वतःच्या फोनवर ग्रीनरूममध्ये काढलेला फोटो दुसऱ्या पालकांच्या ग्रुपवर टाकावा, याला ती सही कशी लागू पडते? शिवाय दिलेली संमती परत घेता येते. 2023 सालच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही गोष्ट नीट मांडली आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती आणि पूर्ण माहितीवर आधारलेली हवी, आणि ती देणे जितके सोपे होते तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे, आणि मुलाची माहिती वापरण्याआधी आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते. शाळांना काही सवलत आहे, पण ती शैक्षणिक काम आणि मुलांची सुरक्षितता यांसाठी लक्ष ठेवण्यापुरती. गॅदरिंगचे फोटो वाटणे त्यात बसत नाही.

हा कायदा दाखवून मी तुम्हाला धमकावते आहे असे समजू नका. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातली मुख्य बंधने त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. शिवाय एखाद्या व्यक्तीने खाजगी किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला तो कायदा लागत नाही, आणि एक पालक म्हणून तुम्ही बहुधा त्या सवलतीत बसाल. शाळा मात्र बसणार नाही. तिच्या फेसबुक पानावर हजेरीचा तोच फोटो आहे, आणि त्यासाठी मी मुख्याध्यापकांना वेगळे पत्र देते आहे. कायद्याचा उल्लेख केला तो एवढ्यासाठी, की अर्जावरची सही हे कायमचे आणि सगळ्यांसाठीचे परवानापत्र असते, ही समजूत आता कायद्यालाही मान्य नाही.

चौथा मुद्दा: अ‍ॅडमिनवर जबाबदारी येत नाही. तुम्ही त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाची बातमी ग्रुपवर टाकलीत. बातमी खरी आहे. 2021 साली नागपूर खंडपीठाने सांगितले, की सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून केवळ अ‍ॅडमिन असल्यामुळे कोणावर फौजदारी गुन्हा लादता येत नाही. त्यासाठी दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसायला हवा. निकाल योग्यच आहे. दुसऱ्याच्या बोटांनी टाइप केलेल्या शब्दांसाठी तुम्हाला पोलीस ठाण्यात बोलावले जाऊ नये.

पण त्या निकालाचा पाया काय होता ते पाहा. अ‍ॅडमिन सदस्यांना घेऊ किंवा काढू शकतो, मजकूर ग्रुपवर पडण्याआधी तो तपासणे किंवा अडवणे त्याच्या हातात नसते, असे न्यायालयाने म्हटले. माझी मागणी फोटो पडण्याआधीची नाहीच. फोटो पडला, मी तुम्हाला त्याच रात्री सांगितले, आणि तेव्हा तो पुसण्याचे बटण तुमच्या हातात होते. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याची ही सोय अ‍ॅडमिनना मिळाली ती 2022 मध्ये, म्हणजे त्या निकालानंतर. शिवाय तुम्ही गुन्हेगार आहात असे मी म्हटलेच नव्हते. शिक्षा होणार नाही म्हणून एखादी गोष्ट करायची नाही, असे आपण आपल्या मुलांना शिकवत नाही. गृहपाठ न करणाऱ्या मुलाला पोलीस नेत नाहीत, तरी तो त्याने करावा असे आपण म्हणतोच. ग्रुप तुम्ही चालवता, कोणाला घ्यायचे ते तुम्ही ठरवता, सुप्रभातचे मेसेज बंद करा असे तुम्ही खडसावून सांगितले तेव्हा ते बंद झाले. तेवढाच शब्द एका मुलीसाठी टाका, एवढेच मागणे आहे.

पाचवा मुद्दा सगळ्यात जास्त टोचला: एका मुलीसाठी चाळीस मुलांच्या आठवणी. इतर मुलांचे फोटो काढा असे मी कुठेही लिहिलेले नाही. हजेरीच्या फोटोत रांगेत बारा मुले आहेत. माझ्या मुलीचा चेहरा आणि ओळखपत्र झाकून तोच फोटो पुन्हा टाकला, तर बाकी अकरा जणांची आठवण जशीच्या तशी राहते. त्याला दोन मिनिटे लागतात. फोटो पाठवण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपमध्येच त्यावर भरीव स्टिकर ठेवता येतो, आणि पाठवल्यावर तो फोटोचाच भाग होतो, पाहणाऱ्याला उचलून काढता येत नाही. फक्त हायलाइटरसारखा पारदर्शक रंग फिरवू नका, कारण फोटो उजळ केला की त्याखालचे पुन्हा दिसू लागते. चेहरा झाकला आणि ओळखपत्र तसेच ठेवले तरी काम अर्धवटच राहते. इथे धोका चेहऱ्याइतकाच त्या अक्षरांत आहे.

माझ्या विनंतीचा एक उलटा अर्थही शाळेत घेतला गेला आणि तो मला जाहीरपणे खोडून काढायचा आहे. मराठी भाषा गौरव दिनाला, 27 फेब्रुवारीला, मुलांनी ग्रंथदिंडी काढली. मुलगी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन पहिल्या ओळीत चालली. शेवटी सगळ्या वर्गाचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा बाईंनी तिला बाजूला केले: "तुझ्या आईला चालत नाही ना?" सगळा वर्ग पायरीवर बसला आणि ती तुळस हातात घेऊन खांबाशी उभी राहिली. हे मी मागितले नव्हते. तिला रांगेतून काढा असे कोणत्याही समंजस आईचे मागणे नसते. फोटो काढा, तिला मधोमध बसवा, तो छापून वर्गाच्या फळ्यावर लावा, प्रत्येक मुलाला एक प्रत घरी द्या. माझा आक्षेप तो नव्वद फोनांवर पसरण्याला आहे. हक्क मागणाऱ्याच्या मुलाला वेगळे पाडले, की दुसरे आई-वडील हक्क मागायला धजत नाहीत, आणि मग "बाकी कोणाची तक्रार नाही" असे म्हणणे सोपे जाते. तुमचे उत्तर ग्रुपवर आल्यानंतर तिघींनी मला वेगळा मेसेज करून कळवले की त्यांनाही हेच हवे आहे. त्यांतल्या एकीचा घटस्फोटाचा खटला चालू आहे आणि मूल कोणत्या शाळेत आहे हे कळू नये म्हणून ती धडपडते आहे. ती ग्रुपवर बोलू शकत नाही. त्या अंगठ्यांत तिचाही अंगठा आहे.

यात बहुमताने ठरवण्यासारखे काही नाही. सहलीला कुठे जायचे, डब्यात काय द्यायचे, गॅदरिंगची वर्गणी किती, हे हात वर करून ठरवा, मी बहुमताबरोबर राहीन. माझ्या मुलीचे अंग आणि तिचा पत्ता कोणी पाहावा, हे इतर एक्केचाळीस घरांनी मत देऊन ठरवायची गोष्ट नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क मूल लहान आहे म्हणून लहान होत नाही. उलट ते स्वतः बोलू शकत नाही म्हणून आपण मोठ्यांनी जास्त सांभाळायचा असतो. आणि माझी मुलगी तर बोलली आहे. "आई, तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलमधून काढायला सांग," हे तिचे शब्द आहेत. मी ते तुमच्यापर्यंत पोचवते आहे.

आता माझे मागणे नेमके सांगते. एक, ज्या दोन पालकांनी हे फोटो टाकले त्यांना आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना तुम्ही तुमच्या नावाने लिहा, की हे दोन फोटो चॅटमधून, गॅलरीतून आणि बॅकअपमधून पुसावेत, आणि कोणी पुढे पाठवले असतील तर तिथेही कळवावे. माझ्या मुलीचे नाव घालू नका; फोटो कोणता ते वर्णनाने सांगा, आणि "बघा, हाच तो" म्हणून तो पुन्हा टाकू नका. दोन, ग्रुपचा डीपी बदला. त्यात तोच हजेरीचा फोटो आहे आणि लिंक उघडणाऱ्याला ग्रुपमध्ये न येताही तो दिसू शकतो. लिंकही बदला आणि शाळा सोडून गेलेल्यांचे नंबर काढा. तीन, ग्रुपमध्ये 'Advanced chat privacy' चालू करा. त्यामुळे फोटो आपोआप गॅलरीत उतरणे आणि सगळे चॅट बाहेर काढणे थांबते. स्क्रीनशॉट थांबत नाही, पण बसमधल्या त्या दादापर्यंत फोटो ज्या वाटेने गेला ती वाट बंद होते. चार, यापुढे ग्रीनरूम, पोहण्याचा तलाव आणि आजारीखोली इथले फोटो ग्रुपवर येणारच नाहीत, आणि ओळखपत्र दिसणारा फोटो आला तर तो त्याच दिवशी पुसला जाईल, असा नियम ग्रुपच्या माहितीत लिहा. आणि एखाद्या आईने किंवा वडिलांनी फोटो काढायला सांगितला, तर कारण विचारू नका. घटस्फोट चालू असलेल्या त्या आईला कारण सांगता येत नाही, हेच तिचे कारण आहे.

हे सगळे करायला तुमची एक संध्याकाळ जाईल. या शुक्रवारपर्यंत ते व्हावे अशी माझी अपेक्षा आहे. सोमवारी मी हे पत्र मुख्याध्यापकांना आणि पालक-शिक्षक संघाला देणार आहे. तोवर फोटो पुसण्याचा निरोप ग्रुपवर गेलेला असेल, तर तुम्ही तो पाठवलात हेही मी त्यात लिहीन.

कळावे.
चौथी 'ब'मधल्या एका मुलीची आई